अंगठ्याचे टक्के

कडब्याच्या कुट्टी मशीननं आमच्या भावकीतले दोन उजवे हात खाल्ले. पहिला चुलतभावाचा. अंगठ्याजवळचं बोट आन मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेले. मंग वर्षाच्या आत माझा अंगठा. वरचं पेर तुटून पडलं, खालचं राह्यलं, पण ते लाकडासारखं. वाकत न्हाई, दाबत न्हाई.

अपघात विम्याची पॉलिसी माझ्या बायकोनं आन त्याच्या बायकोनं एकाच एजंटाकडून, एकाच दिवशी काढल्ती. आम्ही दोघं तवा हसल्तो. माझी बायको माझ्या अपघातानंतर चारदोन महिन्यांतच गेली. कावीळ झाली, उतरलीच न्हाई. त्याची बायको आहे. हे मला रोज दिसतं, कारण त्याचं अंगण माझ्या अंगणाला लागून आहे आन ती रोज सकाळी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावते. तो हात वर करून उभा राहतो, नवरदेवासारखा. मी गुंड्याचे सदरे सोडून दिले. डोक्यातून घालायची बंडी घालतो.

त्याला सोळा टक्के मिळाले. पॉलिसीत तक्ताच छापलेला असतो. कोणतं बोट, किती पेरं, किती टक्के. त्याच्या बोटांत वादाला जागाच नव्हती. माझ्या अंगठ्याचं एजंटानं समजावलं, "काका, एक पेर गेलं तर दहा. दोन्ही गेली, न्हाईतर दोन्ही कायमची निकामी झाली, तर पंचवीस. खालचं पेर निकामी आहे हे कंपनीच्या डॉक्टरला पटलं पाहिजे."

जालन्याला त्या डॉक्टरकडं चुलतभावानंच गाडीवर नेलं. बाहेर बाकड्यावर बसल्यावर त्यानं तंबाखू काढली. तीन बोटांनी चुना लावायला लागला, अर्धा मांडीवर.

"दे इकडं," मी म्हणालो. "सोळा टक्केवाल्याचं काम न्हाई हे."

"मळ बाबा, मळ. तुझे किती टक्के होते तेबी पाहू."

मी मळली, चांगली बारीक. त्याला चिमूट दिली, बाजूच्या दोघांनाही दिली. तेवढ्यात डॉक्टरनं दार उघडून पाह्यलं. आत गेल्यावर म्हणाले, पेन धरा. आता चुलतभाऊ दारातून बघून राह्यला होता. त्याच्यासमोर पेन पाडू का? दोन बोटांच्या बेचक्यात दाबून धरला आन सहीसुद्धा ठोकली.

डॉक्टरनं लिहिलं, पकड ठीक, दहा टक्के.

त्याचे सोळा, माझे दहा. ज्या बाईनं माझ्यासाठी पॉलिसी काढली तिचं नाक कापल्यासारखं वाटलं मला. चार दिवस त्याच्या घरचा चहा घेतला न्हाई.

मंग वहिनीच बांधावर आली. म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तिथं पैलवानकी दाखवली म्हणं."

"कोण म्हणालं?"

"घरातलेच. हसू हसू सांगत होते. दाखवायला गेलते का लपवायला?"

एजंटानं तक्रार लिहून दिली. म्हणाला, आधी कंपनीच्या तक्रार विभागाला, तिथं न्हाई ऐकलं तर विमा लोकपाल. सरकारी दवाखान्यातून सांध्याचा एक्स-रे आन अपंगत्वाचा दाखला जोडला. दाखल्यावर वेगळेच टक्के होते. एजंट म्हणाला, ते पॉलिसीला चालत न्हाईत, पण सांधा आखडला आहे एवढं त्यातून कळतं. कंपनीनं दुसऱ्या डॉक्टरकडं बोलावलं.

हा डॉक्टर पोरगेला होता. कागद वाचून म्हणाला, "बाबा, मागच्या वेळी तुम्ही तंबाखू मळत होतात असं लिहिलंय. आता मळून दाखवा."

मी उजव्या तळव्यावर तंबाखू घेतली आन डाव्या अंगठ्यानं मळायला लागलो.

"थांबा. अपघाताआधी कोणत्या अंगठ्यानं मळत होतात?"

"उजव्या."

"मंग तसंच मळा."

डाव्या तळव्यावर घेतली. उजवा अंगठा टेकवला. तो नुसता खुंटीसारखा सरकला. तंबाखू त्याच्या पांढऱ्या फरशीवर सांडली. चुलतभाऊ याही वेळी दारात होता, आन मी त्याला मनसोक्त पाहू दिलं. डॉक्टरनं सांध्यावर कोन मोजायची पट्टी लावली, धरून वाकवला, पुन्हा एक्स-रे पाह्यला.

महिन्याभरानं पत्र आलं. पूर्ण अंगठा धरला. पंचवीस.

मी मुद्दाम सकाळच्या वक्ताला त्याच्या अंगणात गेलो. तो हात वर करून उभा, वहिनी गुंड्या लावून राह्यली होती.

"पंचवीस झाले," मी म्हणालो.

त्याचं तोंड पडलं. "म्हंजे माझ्यापेक्षा नऊ जास्त? माझे दोन बोटं गेले, तुझं तर अर्धं राह्यलं."

मला फार बरं वाटलं. वहिनीनं शेवटची गुंडी लावली, कॉलर सरळ केली आन त्याच्या छातीवर सहज हात फिरवला, कापडावरचा कडबा झटकावा तसा. तो अजून माझ्या टक्क्यांवरच कुरकुरत होता. त्याला ते कळलंबी न्हाई.

मी पत्र घेऊन घरी आलो. दाखवायला कोणी नव्हतं. बंडी काढली, पुन्हा डोक्यातून घातली आन शेताकडं गेलो.