पाच सेकंदांत गौरीचा नैवेद्य

आमच्या सणांच्या प्रश्नांना मी सात सेकंद मागत होते आणि माझी सहकारी तीनच्या वर जायला तयार नव्हती. आम्ही दोघी भिवंडीतल्या एकाच शाळेत शिकवतो. मी मराठी, ती कॉम्प्युटर. श्रावणात आम्ही मोबाइलवर बघायच्या छोट्या व्हिडिओंची मालिका सुरू केली होती. पडद्यावर सणाचा एक प्रश्न, खाली तीन पर्याय, मग टिकटिक करत उलटे सरकणारे आकडे, आणि शेवटी बरोबर उत्तर हिरवं, बाकीची दोन लाल. प्रश्न मी लिहायचे, आवाजही माझाच. कापाकापी आणि जोडाजोड तिची. तिचं म्हणणं, लोक तीन सेकंदांच्या वर थांबत नाहीत, बोटानं वर सरकवतात. माझं म्हणणं, माणसाला आठवायला वेळ लागतो. शेवटी पाचावर तोडगा निघाला. खरं सांगायचं तर ते पाच सेकंद मी माझ्या आईसाठी भांडून घेतले होते.

रेकॉर्डिंग आम्ही शुक्रवारी करायचो, शाळा सुटल्यावर माझ्या घरी. त्या दिवशी आमच्या गल्लीतले लूम बंद असतात. इतर दिवशी खिडक्या लावल्या तरी खडखडाट आवाजात घुसतोच.

आई अंबाडीच्या पुढे, गावात, भावाकडे असते. वाचता येतं तिला, पण अक्षरं जुळवत जुळवत. म्हणून प्रश्नाबरोबर तिन्ही पर्यायही मी सावकाश वाचायचे. वहिनी तिला फोन हातात धरून दाखवायची आणि आई आकडे संपायच्या आत मोठ्यानं उत्तर द्यायची. नागपंचमीला काय करत नाहीत, नारळी पौर्णिमेला काय वाहतात, बैलांच्या शिंगांना काय लावतात. रात्री फोनवर मला हिशेब मिळायचा, आज पास झाले म्हणून. जन्मभर तिला कुणी काही विचारलं नव्हतं. आता रोज कुणीतरी विचारत होतं, आणि तिला येत होतं. याचा मला फार अभिमान वाटायचा.

गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी गौरीचा प्रश्न लिहायला घेतला. गौरीला दुसऱ्या दिवशी कसला नैवेद्य दाखवतात? आमच्या मालिकेचा एक शिरस्ता होता: एक पर्याय बरोबर, एक चकवणारा आणि एक हसवणारा. बरोबर म्हणून मी पुरणपोळी लिहिली, चकवणारा म्हणून श्रीखंड. हसवणारा सुचेना. मग लिहून टाकलं, चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण.

सहकारी पोट धरून हसली. ती घाटावरची, तिच्या घरी गौरीच्या स्वयंपाकात कांदासुद्धा नसतो. तिनं विचारलं, "असं खरंच कुणी करतं का गं?"

"छे," मी म्हणाले आणि मीही हसले.

आमच्या घरी गौरीला चिंबोऱ्याच लागतात. तेरड्याची गौर गणपतीशेजारी बसते. दुसऱ्या दिवशी दोघांच्या मध्ये एक पडदा धरतात, गणपतीला दिसू नये म्हणून, आणि मग गौरीपुढे तिखटाचं पान मांडतात. माहेरी आलेल्या लेकीला तिच्या आवडीचं खाऊ घालायचं, एवढा साधा विचार त्यामागे आहे. लहानपणी आईबरोबर पडद्याचं दुसरं टोक मीच धरायचे. हे सगळं मला त्या शुक्रवारी माहीत होतं. विसरले नव्हते. फक्त सहकारीसमोर सांगायची लाज वाटली आणि ती लाज मी प्रश्नात बेमालूम घालून टाकली. वर मनाला समजावलं की एका प्रश्नाला एकच उत्तर हवं, नाहीतर खाली प्रतिक्रियांमध्ये भांडणं लागतात.

व्हिडिओ चांगला चालला. लोकांनी चिंबोऱ्यांवर हसण्याच्या खुणा टाकल्या. दोनचार जणांनी लिहिलं होतं की आमच्याकडे असंच करतात, पण तेही थोडं दबकूनच. त्यांना मी उत्तर दिलं नाही. त्या रात्री पास झाल्याचा फोन आला नाही, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

गौरीपूजनाच्या सकाळी मी माहेरी गेले. दारातच पुरणाचा वास आला. चुलीवर डाळ शिजत होती, वहिनी वेलची कुटत होती. कुठे वाटण नाही, मसाला नाही, मध्ये धरायचा पडदाही बाहेर काढलेला नाही. मी वहिनीला विचारलं, या वर्षी चिंबोऱ्या मिळाल्या नाहीत का. ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, तुमच्याच व्हिडिओत होतं ना.

आई परातीत कणीक मळत होती. तिनं मान वर केली नाही. सगळं हळूहळू कळलं. आकडे सुरू झाल्याबरोबर आई म्हणाली होती, चिंबोऱ्या. पहिल्याच सेकंदाला. इतका सोपा प्रश्न माझ्या लेकीनं काढला कसा, असंही म्हणाली होती. मग ते उत्तर लाल झालं आणि माझा आवाज आला, बरोबर उत्तर आहे पुरणपोळी. तिनं वहिनीला तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. तीनदा.

"दुसऱ्या कुनाचा आवाज असता तं मी बोलले असते, तिला ठावं न्हाय," आई म्हणाली. "पन तुजा आवाज हाय. तू शिकलेली. मंग मना वाटलं, इतकी वर्सं आपुनच गौरीला वाईट खायला घातलं."

 मी घाईघाईनं सांगू लागले की तुझं चुकलेलं नाही, दोन्ही बरोबर आहे, ज्याच्या त्याच्या घरची रीत. अंबाडीला जाऊन तासाभरात चिंबोऱ्या घेऊन येते म्हणाले. चप्पलही घातली.

"मंग लाल कशाला केलंस?" तिनं विचारलं.

लाज वाटली, असं मी सांगितलं. दुसरं काही खोटं जुळवायचं धाडस झालं नाही. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिनं कणकेवर ओलं फडकं झाकलं आणि म्हणाली, आता ऱ्हाऊ दे, पुरन शिजलाय.

दुपारी गौरीपुढे पुरणपोळीचं पान मांडलं. आईनं हात जोडले आणि माझ्यासाठी गौरीची माफी मागितली, मी मागे उभी आहे हे माहीत असून.

भिवंडीला परतल्यावर मी सहकारीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, त्या दिवशी मी हसायला नको होतं. चढवलेल्या व्हिडिओतलं उत्तर बदलता येत नाही, तो काढूनच टाकावा लागतो, तसा आम्ही काढला. नवा केला. प्रश्न तोच, पर्याय दोनच, पुरणपोळी आणि चिंबोऱ्या, आणि शेवटी दोन्ही हिरवे. पाठोपाठ पडद्याची रीत सांगणारी दोन वाक्यं. प्रतिक्रियांत भांडणं झाली. होऊ दिली.

तो व्हिडिओ दाखवायला मी स्वतः गावी गेले. आईशेजारी बसून फोन धरला. प्रश्न वाचून झाला, आकडे सुरू झाले. पाच, चार, तीन. आई काही बोलेना.

"सांग ना," मी म्हटलं. "तुला येतं हे."

ती पडद्याकडेच बघत राहिली. "तू सांगशील ना आता," ती म्हणाली, आणि माझा आवाज येईपर्यंत थांबली.