खाटेशी इंग्रजीत सांगितलेली हकीकत

वैद्यकीच्या शेवटच्या वर्षी, सुट्टीत घरी आलो की मी आणि माझा कोपरीचा मित्र ठाण्याच्या इस्पितळात जात असू. तिथले म्हातारे डॉक्टर आम्हांला हौसेने शिकवत. रोग्याच्या खाटेशी उभं राहून त्याची हकीकत इंग्रजीत सांगायची, अशी रीत होती. रोग्याला काही कळत नसे आणि आमचं इंग्रजीही सुधारे.

एकदा मित्राने मुद्दाम मागून घेतलेला रोगी त्याचा स्वतःचा बाप होता, मिठागरावरचा मुकादम. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं. "कळलं तर ते मला धीर देतील, खरं सांगणार नाहीत," मित्र मला म्हणाला. ओळख दाखवायची नाही, अशी शपथ त्याने बापालाही घातली होती. आमचा हा मित्र एकदा हट्टाला पेटला की कुणाचं काही चालत नसे.

एरवी घडाघडा बोलणारा हा गडी त्या दिवशी अडखळला. आधी पाणथरी म्हणजे प्लीहा, मग खोकला, मध्येच दिलेली औषधं. शेवटी म्हणाला, हिवताप असावा, नाहीतर जुनाट खोकला.

डॉक्टर शांतपणे इंग्रजीतच म्हणाले, "हकीकत छान काढलीस, विचारायचं काही ठेवलं नाहीस. मांडणी मात्र विस्कटली. आधी तक्रार, मग ती कशी वाढली, मग तपासणी. आता हिवताप म्हणतोस, तर हुडहुडी कुठे आहे? हिवतापात वाढते ती पाणथरी हाताला लागत नाही, क्विनाइनचा गुण नाही, हे तूच सांगितलंस. ताप रोज संध्याकाळी, रात्री घाम, अंग झडलेलं, थुंकीत रक्त. उजवी छाती वरच्या बाजूला ठोकली तर बद्द वाजते. नुसत्या खोकल्याने वाजेल? सगळा पुरावा गोळा केलास आणि जे नाव पहिलं घ्यायचं तेच टाळलंस. पुन्हा सांग."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मित्राने पुन्हा सांगितलं. या वेळी सगळं जागच्या जागी आलं. सर्वांत आधी क्षय. तो का, आणि बाकीचे का नाहीत. पुढे काय होईल, असं डॉक्टरांनी विचारलं. "पावसाळा निघणं कठीण," तो म्हणाला. नजर भिंतीवर.

खाटेवर बाप गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. पोराचं फर्डं इंग्रजी ऐकून त्याचा चेहरा फुलला होता. दर वाक्याला तो मान डोलावत होता.

"आता बरोबर," म्हणत डॉक्टरांनी मित्राच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढं बापाला कळलं, आणि शपथ विसरून तो बोलून गेला, "डाक्तर, माजा पोऱ्या पास झाला ना?"

डॉक्टरांनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. खांद्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

"झाला," ते मराठीत म्हणाले. त्या दिवशी आम्ही पुढच्या खाटेकडे गेलो नाही.