माझ्याच पंच्याचं पान

मुंबईच्या मार्केटातल्या शेठचा माझ्यावर उपकार आहे असं अजूनही काही लोक मानतात. त्यांनी मला पहिली ऑर्डर दिली, एवढं खरं. त्यानंतरची सगळी वर्षं मी विणलं आणि त्यांनी नाव लावलं, हेही तितकंच खरं, पण ते कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

भिवंडीत त्या काळी कापडाला नाव नसायचं. लूमवरून उतरलेला तागा हा फक्त तागा. तो मुंबईच्या मार्केटात जायचा, धुलाई होऊन यायचा, आणि ज्याच्या पेढीवर त्याची घडी पडायची त्याचं लेबल त्यावर शिवलं जायचं. मी भाड्याच्या शेडमध्ये दोन जुन्या लूमवर सुरुवात केली आणि पुढे स्वतःची शेड बांधली, तरी माझं नाव बाहेरच्या पाटीच्या पलीकडे गेलं नाही. मी सुती पंचे विणायचो, पांढरे, लाल काठाचे. अंगाला लागले की पाणी ओढून घ्यायचे. शेठ त्यावर आपलं निळं लेबल लावायचे आणि तीन-तीनचा संच करून विकायचे.

दोन हजार दहानंतर काही वर्षांनी इंटरनेटवरून माल विकणारी एक साइट आली. तिचं गोदाम कोन गावाच्या पुढे, जिथे कालपर्यंत भात लावायचे तिथे उभं राहिलं. गोदामाच्या एका कोपऱ्यात काचेची केबिन होती, आणि तिथे नवीन विक्रेत्यांना शिकवायला मुंबईहून एक मॅडम येत. वयाने माझ्या पुतणीएवढ्या. मी पहिल्याच दिवशी गेलो. शेठचं एवढ्या वर्षांचं कमिशन वाचवायचं, हा हेतू लपवण्यासारखा नव्हता.

मॅडमनी समजावलं ते आजही पाठ आहे. साइटवर एका वस्तूचं एकच पान. फोटो, वर्णन, लोकांनी दिलेले स्टार, सगळं त्या पानावर. वस्तू आधीच साइटवर असेल तर नवीन पान काढायचं नाही. त्याच पानावर ‘मीही विकतो’ हे बटण दाबायचं, आपला भाव आणि साठा टाकायचा; हीच आपली ऑफर. एका पानावर दहा विक्रेते असू शकतात. पण मोठं पिवळं ‘विकत घ्या’ बटण एका वेळी एकाच्याच नावावर असतं. ज्याचा भाव बरा, माल हजर आणि तक्रारी कमी, त्याच्या.

“आणि वस्तू आधीच आहे हे ठरवायचं कसं?” मी विचारलं.

“ब्रँड तोच, माप तेच, नग तेवढेच, बारकोड तोच. यातलं काहीही वेगळं असेल तर नवीन पान काढायचं, काका.”

मी घरी येऊन कॉम्प्युटरवर पंचे शोधले. पहिलंच पान शेठचं निघालं. वर निळ्या लेबलाचा फोटो, खाली भरभरून स्टार. लोकांनी लिहिलं होतं, “पाणी मस्त शोषतो.” “धुतल्यावर आणखी मऊ होतो.” मी बायकोला हाक मारली.

“हे वाच. ही माझी तारीफ आहे.”

तिने चष्मा लावून वाचलं. “तुमचं नाव न्हाय कुठं.”

“काठ बघ ना! हा काठ भिवंडीत दुसऱ्या कुणाच्या लूमवर उतरतो का?”

“काठ तुमचाच हाय. नाव न्हाय,” ती म्हणाली आणि आमटीकडे गेली.

आता तुम्हीच सांगा, माप तेच, नग तेवढेच, सूत तेच, लूम तीच, विणणाराही तोच. वस्तू आधीच साइटवर होती की नव्हती? मी शेठना माल देणं बंद केलं, त्यांच्या पानावर ‘मीही विकतो’ दाबलं आणि भाव त्यांच्यापेक्षा थोडा खाली ठेवला. काही दिवसांतच पिवळं बटण माझ्याकडे आलं. पंचे असे सुटले की पॅकिंगला घरच्यांना बसवावं लागलं.

मग तक्रार आली. कुणा बाईंनी लिहिलं होतं, “फोटोत निळं लेबल आहे, आलेल्या पंच्यांवर काहीच नाही. नकली माल पाठवला.” त्यांच्या मागोमाग आणखी दोघे. साइटने माझी ऑफर काढून टाकली आणि ताकीद पाठवली, की पुन्हा असं झालं तर खातं बंद.

मी तसाच केबिनमध्ये गेलो. दोन पंचे टेबलावर आपटले.

“यातला अस्सल कुठला आणि नकली कुठला, सांगा.”

मॅडमनी दोन्ही चाचपले. “कापड सेम आहे, काका.”

“कारण दोन्ही माझ्या लूमचे आहेत. म्हणजे मी माझीच नक्कल केली?”

“कापड तुमचं आहे. ब्रँड त्यांचा आहे. त्यांच्या पानावर फक्त त्यांच्या लेबलाचा माल विकता येतो, मग तो कुणीही विणलेला असो.”

“म्हणजे माल कापड नाही, लेबल आहे?”

मॅडम पंचे घडी घालत म्हणाल्या, “साइटसाठी तरी तसंच आहे.”

एवढी वर्षं मी सूत, ताणा, बाणा, इंचामागचे धागे यांच्यावर रक्त आटवलं. चार धाग्यांनी शिवलेला तो निळा तुकडा हाच खरा पंचा, हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. लूम तरी विकत घेतल्या नसत्या.

“मग मी नवीन पान काढतो,” मी म्हणालो.

“पहिल्यापासून तेच करायला हवं होतं,” त्या हसून म्हणाल्या. त्या हसल्या म्हणून मला जास्त राग आला.

नवीन पान काढायला बसलो. फोटो, माप, नग भरले. एका रकान्यात ब्रँड विचारला होता. मी लिहिलं, ‘बिनब्रँड’. यात काय चुकलं? भिवंडीत वर्षानुवर्षं माल असाच बिननावाचा उतरायचा. शिवाय ब्रँड लिहिला तर लेबलं विणून घ्या, बारकोड विकत घ्या, हा खर्च. बिनब्रँड मालाला साइट बारकोडशिवायही पान देत होती. फुकटात पान मिळालं म्हणून मी खूश होतो.

पान हळूहळू चाललं. जुन्या ओळखीच्यांनी घेतलं, त्यांनी चांगलं लिहिलं, स्टार आले. आणि स्टार आल्याबरोबर आमच्याच गल्लीतला एक विणकर माझ्या पानावर चढला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. सगळ्यांनी ‘मीही विकतो’ दाबलं. पंचे त्यांचे जाळीसारखे विरळ, भाव माझ्यापेक्षा खाली. पिवळं बटण त्यांच्याकडे, आणि शिव्या माझ्या पानावर. “अंग पुसायच्या आधीच विरला,” असं एकाने लिहिलं. फोटो माझ्या पंच्याचा, विरलेला दुसऱ्याचा.

मी पुन्हा केबिनमध्ये.

“या लोकांना उतरवा खाली. पान मी काढलंय.”

“पान कुणाच्याच मालकीचं नसतं, काका. तुम्ही फक्त ते सुरू केलंत.” मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. “वाचा. बिनब्रँड सुती पंचा, पांढरा, लाल काठ, हे माप, तीन नग. त्यांचाही तोच आहे.”

“त्यांचा विरळ आहे! माझा जाड आहे!”

“हे पानावर कुठे लिहिलंय?”

लिहिलं नव्हतं. जाड पंचा जाड आहे हे लिहावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. हात लावला की कळतं.

“बरं, मग आता ब्रँड टाका. नाव मी सांगतो.”

“याच पानावर नाही टाकता येणार. ब्रँड बदलला की वस्तूच बदलते. ज्यांनी स्टार दिले त्यांनी बिनब्रँड घेतला होता. तुम्हाला तिसरं पान काढावं लागेल. लेबल शिवलेला फोटो, बारकोड, सगळं.”

“आणि माझे स्टार?”

“ते इथेच राहतील.”

“सगळे नको. ते लोक चढायच्या आधीचे चांगले चांगले द्या. नाहीतर अर्धे द्या.”

“काका, स्टारचा भाव करत नाहीत.”

आयुष्यात मी भाव केला आणि तरी मिळाली नाही अशी ही एकच वस्तू असावी.

नावावरून घरात दोन दिवस वाद झाला. मला काहीतरी भारदस्त हवं होतं. बायको म्हणाली, “खारबांध ठेवा.” खाडीला लागून आमच्या वडिलांची जमीन होती, तिच्या बांधाला आम्ही तेच म्हणायचो.

“पंच्याला खारं नाव?”

“घाम गोड असतोय का?”

नाव ठरलं. लाल लेबलं विणून आणली, बारकोड घेतले, तिसरं पान काढलं आणि बिनब्रँड पानावरून माझा माल काढून घेतला. या वेळी जाडी, सूत, वजन, सगळं लिहिलं. खरं सांगायचं तर त्या पानावर महिनाभर कुत्रंही फिरकलं नाही. एकही स्टार नसलेल्या पानाकडे लोक अनोळखी घरासारखे बघतात.

त्या शांततेत शेठचा फोन आला.

“भाऊ, राग सोड. तागे पाठव.”

“का? दुसऱ्याकडून घेता ना?”

“घेतो. पण आमच्या पानावर लोक लिवतात, पहिल्यासारखा पंचा नाही. काय करू?”

मला इतकं गोड ऐकायला कधी मिळालं नव्हतं. मी भाव वाढवून सांगितला. शेठ ओरडले. मी आणखी वाढवला.

“एवढ्यात मला काय सुटेल?”

“मग एक करा. तयार संच घ्या, माझ्या लाल लेबलाचा. आणि माझ्या पानावर ‘मीही विकतो’ दाबा.”

शेठ म्हणाले, “तुझं लेबल मी विकू?”

“मी तुमचं इतकी वर्षं विणलं ना?”

शेठनी माल उचलला, कारण त्यांना तो पंचा हवा होता आणि तो आता दुसऱ्या कुठल्या नावाने मिळत नव्हता. त्यांनी माझ्या पानावर ऑफर लावली. त्यांचं खातं जुनं, तक्रारी कमी, माल साइटच्या गोदामात आधीच पडलेला, भावही माझ्यापेक्षा खाली. आठवड्यात पिवळं बटण त्यांच्या नावावर गेलं. पान माझं, पंचा माझा, वर नाव खारबांध, आणि बटणाखाली बारीक अक्षरात ‘विक्रेता’ म्हणून शेठ. मी खाली, ‘इतर विक्रेते’ या रांगेत.

मी त्यांना फोन करून यथेच्छ बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“भाऊ, गरम काय होतो? माल कुणाच्या नावाने विकतोय?”

मी पान उघडलं. पहिले स्टार आले होते. कुणीतरी लिहिलं होतं, “खारबांधचा पंचा घ्या, दुसरा घेऊ नका.” बायकोला दाखवलं. तिने या वेळी चष्मा न लावताच वाचलं.

मी शेठना फोन केला आणि पुढच्या खेपेचा भाव संचामागे दोन रुपयांनी वाढवला. ते ओरडले, पण माल घेऊन गेले.