एक बेचाळीस

गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला सगळे फुंकर म्हणत. कुठलंही मशीन आलं की तो आधी कॅबिनेट उघडून धूळ उडवायचा आणि मग गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायचा. हाताचा कसबी, तोंडाचा फटकळ. ‘मशीन स्लो आहे’ असं कुणी म्हटलं की आपल्या घराण्यालाच नावं ठेवल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्यापुराण्या डबड्यावर तो एमुलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, टाकून जुन्या कन्सोलचे गेम असे पळवी, की लोक तोंडात बोटं घालत.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घरात दादाचं मशीन दीड वर्ष रांगत होतं. ते फुंकरनेच भंगारातून जोडून आणलेलं. दादाचा आवडता रेसिंगचा गेम लावून दिला, चित्र झकास दिसावं म्हणून रिझोल्यूशन तिप्पट केलं, आणि चालतंय की नाही हे न बघताच दुकानात पळाला. दादाने कधी कुरकुर केली नाही, त्यामुळे ते राहिलंच.

दादा बसचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षं एक ओरखडा न काढता गाडी चालवली, मग डाव्या हाताच्या नसा दगा द्यायला लागल्या. स्टिअरिंग गेलं, डेपोतल्या सुट्या भागांच्या खोलीत खुर्ची मिळाली. ती खुर्ची त्याला काट्यासारखी टोचायची. हात सुधारणार नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते. दादाकडे मात्र पुरावा होता. तरुणपणी खऱ्या कन्सोलवर त्याने एक फेरी एक मिनिट बेचाळीस सेकंदांत मारली होती, आणि आताही तो रोज तेवढ्यातच मारत होता.

“डॉक्टर चुकतील, घड्याळ चुकत नाही,” तो म्हणायचा. येत्या गुरुवारी फेरतपासणी होती. स्टिअरिंग परत मिळावं म्हणून त्याने स्वतःच अर्ज करून मागून घेतलेली.

रविवारी जेवणं झाल्यावर वहिनीने टोमणा मारलाच. “भावजी, जगाच्या मशिनी पळवता आणि घरचीला पांगुळगाडा? ते गेमचं गाणं ऐकून मला पेंग येते.”

फुंकरला ते झोंबलं. तो बसला. स्पीडचा आकडा चालू केला तर कोपऱ्यात मूळ वेगाच्या पंचावन्न टक्के! त्याला आपलीच लाज वाटली. रिझोल्यूशन मूळ आकारावर आणलं, पॉवर सेव्हर काढला, चित्र काढायची पद्धत बदलली. आकडा शंभरवर जाऊन ठाण मांडून बसला. गाणंही लयीत आलं.

“बस दादा. आता बघ मजा.”

पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर गेली. दुसऱ्यांदाही. दादाचा डावा अंगठा वळण संपल्यावर वळत होता. सातव्या प्रयत्नात फेरी पुरी झाली, दोन मिनिटं अकरा.

“बिघडवलंस तू. पहिल्यासारखं कर,” दादा चिडून म्हणाला.

फुंकरने स्पीडची मर्यादा पंचावन्नवर बांधली. गाडी सुटली तेव्हा का कोण जाणे, त्याने खिशातला मोबाईल काढून स्टॉपवॉच दाबलं. दादाने वळणं लीलया घेतली. पडद्यावर आलं, एक त्रेचाळीस.

“बघ!” दादा वळला. आणि त्याला मोबाईल दिसला. तीन मिनिटं सात सेकंद.

फुंकरला हे सुचायला हवं होतं. गेमचं घड्याळ गेमबरोबरच चालतं. मशीन मंद तर तेही मंद. दीड वर्ष त्याच्या आळसाने दादाला खोटी आशा पाजली होती, आणि आज त्याच्या कसबाने ती काढून घेतली होती.

“म्हणजे घड्याळपण हळू चालत होतं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण गुरुवारनंतर चाळीस माणसं दादाच्या मागे बसली असती.

“हो, दादा.”

दादाने डावा हात मांडीवर उलटा-पालटा करून पाहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आतून वहिनीचा आवाज आला, “गुरुवारी डबा किती वाजता लागेल हो?”

“नको करूस. कुठे जायचं नाहीये.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी दारात आली, दोघांकडे पाहिलं आणि परत गेली.

“मी शंभरवर नेतो परत. सवय होईल हळूहळू,” फुंकर म्हणाला. होणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

“नको. असंच मंद राहू दे. फक्त तो कोपऱ्यातला आकडा काढ.”

फुंकरने काढला. दादाने पुन्हा कंट्रोलर उचलला, डावा अंगठा उजव्या हाताने जागेवर ठेवला.

“आणि ते वरचं घड्याळ? तेही काढता येतं का रे?”

“ते गेमचं आहे, दादा. ते नाही निघत.”