मालनबाईंचं पिंपळपान

चारमिनारच्या बाजूला, लाड बाजाराच्या मागच्या गल्लीत मालनबाईंचं लाखेच्या बांगड्यांचं दुकान म्हणजे दहा फुटांची एक खोली. मध्ये कोळशाची शेगडी, भोवती चार बायका, भिंतीला रंगीत लाखेच्या कांड्या टांगलेल्या. मालनबाई मूळच्या नांदेडकडच्या. लग्न होऊन हैदराबादेत आल्या तेव्हा नवरा भिवाजी टपाल खात्यात नोकरीला होता. घरात नोकरीचा पगार आणि शिक्षणाचा ध्यास, पण मालनबाईंचे हात मोकळे राहत नसत. शेजारच्या रहीमाबींकडे बसून त्या लाख मऊ करायला शिकल्या, चिमट्याने आरशाचे तुकडे बसवायला शिकल्या. पंधरा वर्षांत स्वतःची शेगडी पेटवली.

एका दिवाळीनंतर त्यांनी नवीन नमुना काढला. हिरव्या आणि पांढऱ्या लाखेच्या दोन पट्ट्या एकमेकींभोवती पीळ घेत जायच्या आणि जिथे त्या मिळायच्या तिथे पिंपळाचं पान उमलायचं. पानाचं टोक पुढच्या पानाच्या देठावर टेकायचं. खड्यांची मांडणीही पानाच्या शिरांसारखी. बांगडीला उघडमिट होणारी एक छोटी कमानीची, म्हणजे स्प्रिंगची, कडीही त्यांनी बसवली, म्हणजे जाड मनगटावरही ती सहज चढायची.

"हे पान कुणीच केलं नाही आजपर्यंत," रहीमाबी म्हणाल्या. "मालन, तूने तो कमाल कर दिया."

जानेवारीत जामबागेतल्या एका महिला कॉलेजात हस्तकलेचा मेळा भरला. मालनबाईंनी तिथे टेबल मांडलं. मुली गर्दी करून हातात बांगड्या घालून बघायच्या. लेक निशिगंधा कुकटपल्लीत एका ऑफिसात कामाला. तिने फोटो काढून आईच्या नावाने इन्स्टाग्रामवर टाकले. आलेल्यांत एक शर्ट-पँटीतला गृहस्थ होता. त्याने दोन जोड्या घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या, कौतुक केलं आणि गेला. मालनबाईंना त्याच्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये रजिस्टर्ड पोस्टाने एक पाकीट आलं. भिवाजींनी ते उघडलं, वाचलं आणि निशिगंधाच्या हातात दिलं. कुकटपल्लीतल्या प्लास्टिक मोल्डिंगच्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस होती. या नमुन्याच्या डिझाइनची नोंदणी आमच्या अशिलाच्या नावावर आहे. आपण त्याची नक्कल करता. बनवणं, विकणं ताबडतोब बंद करा, नाहीतर कोर्टात जाऊ. सोबत नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत आणि चित्र. पीळ घेतलेल्या दोन पट्ट्या, मध्ये पिंपळाचं पान, टोक पुढच्या देठावर.

"हे माझंच आहे," मालनबाई चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या. "निशा, हे माझंच आहे ना गं?"

आठवडाभरात लाड बाजारातल्या दोन दुकानदारांनी माल परत पाठवला. त्यांनाही कंपनीचा माणूस कागद दाखवून गेला होता. इन्स्टाग्रामवरचं खातंही तक्रारीवरून बंद झालं. शेगडीभोवतीच्या चौघींपैकी दोघी दुसरीकडे गेल्या. मालनबाई मात्र रोज खोलीत जात, शेगडी पेटवत आणि जुन्याच नमुन्याच्या बांगड्या करत बसत. पिंपळपानाला हात लावायची भीती वाटू लागली. स्वतःच्या हातांची भीती, असं त्यांनी एकदा भिवाजींना सांगितलं, आणि त्यानंतर त्यांचं जेवणही कमी झालं.

नारायणगुड्यात मनीषाताई नावाच्या वकील होत्या. तीन पिढ्या वकिलीत असलेल्या घरातल्या, बौद्धिक संपदेची कामं करणाऱ्या. निशिगंधाने त्यांचा पत्ता काढला आणि आईला घेऊन गेली.

मनीषाताईंनी प्रमाणपत्र वाचलं, मालनबाईंची बांगडी भिंगाखाली धरली आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही डिझाइनची नोंदणी कधी केली होतीत?"

"नाही केली. पण मी काढलंय ना, मॅडम. रहीमाबी साक्षी आहेत."

"काढलं हे पुरेसं नाही. डिझाइनचा हक्क नोंदणीनंतरच मिळतो, आणि नोंदणी त्याचीच होते जे अर्जाच्या आधी जगात कुठेच उघड झालेलं नसतं. तुम्ही गेल्या वर्षी जानेवारीत टेबलावर मांडलं, फोटो टाकले, विकलं. त्या दिवशी तुमच्या नमुन्याचं नवेपण संपलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी अर्ज केला असता तरी आता कुणीही तो पाडू शकलं असतं."

"मग त्यांचं कसं चाललं?"

"त्यांनी त्यानंतर ऑगस्टमध्ये अर्ज केला. तपासणाऱ्याला तुमचा मेळा दिसला नाही, म्हणून नोंदणी झाली. पण ज्या कारणाने तुमचा हक्क गेला, त्याच कारणाने त्यांचाही जायला हवा. अर्जाच्या आधी हा नमुना लोकांसमोर आला होता, हे सिद्ध केलं तर कोलकात्याचे डिझाइन कंट्रोलर ती नोंदणी रद्द करतील."

मालनबाईंनी पिशवीतून बांगडी काढून कडी उघडून दाखवली. "आणि ही कमान? हीसुद्धा मीच केली. ती तरी वाचेल का?"

"डिझाइन म्हणजे डोळ्यांना जे दिसतं ते. आकार, रेषा, नक्षी. कडी उघडते कशी, ही रचना त्यात बसत नाही. तो पेटंटचा मार्ग, आणि तिथेही आता उशीर झालाय. सगळं तुम्ही दाखवून बसला आहात, मावशी."

मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. त्या फक्त कडी उघडत-मिटत राहिल्या.

रद्द करण्याचा अर्ज करायचा तर पुरावा हवा, तोही तारखेचा. रहीमाबींची तोंडी साक्ष एकटी पुरणार नव्हती. इन्स्टाग्रामचं खातं गेलं होतं. निशिगंधाने फोन धुंडाळला, पण ते फोटो जुन्या फोनात होते. तो मधल्या काळात बदलला होता. "मेरे पास स्क्रीनशॉट था, मम्मी, पक्का था," ती पुनःपुन्हा म्हणत होती. तीन दिवस ती कामावर गेली नाही. मेळ्यात ज्या मुलींनी बांगड्या घेतल्या त्यांची नावं कुणाला माहीत! एका रविवारी मालनबाईंनी सगळे कागद एकत्र करून पेटीत टाकले आणि म्हणाल्या, "बस. मी नोटिशीला लिहून देते, पान नाही करणार. मला आता जमत नाही."

भिवाजी एरवी फार बोलत नसत. त्या दिवशी ते पेटीजवळ येऊन बसले. "लिहून देशील ते कशाचं? तू नक्कल केली याचं? मी तीस वर्षं टपालाचे शिक्के मारले, मालन. तारखेचा कागद कुठेतरी असतोच. कॉलेजात शोधलं का?"

दुसऱ्या दिवशी तिघं जामबागेत गेले. कॉलेजचे ग्रंथपाल एकनाथराव निवृत्तीला आलेले. ऐकून त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आमचा वार्षिक अंक असतो. मेळ्याचे फोटो त्यात छापतात. बघू या." कपाटातून त्यांनी अंक काढला. मधल्या रंगीत पानावर मालनबाईंचं टेबल होतं. खाली मोठा केलेला एक फोटो, फक्त बांगडीचा. पीळ, पान, टोक पुढच्या देठावर, सगळं स्पष्ट. पहिल्या पानावर छापखान्याचं नाव आणि मेळ्याच्याच वर्षीचा मार्च महिना. अंकाच्या आत ग्रंथालयाचा शिक्का, अकरा एप्रिल. नोंदवहीतही तीच तारीख.

मालनबाईंनी त्या पानावरून हात फिरवला आणि पहिल्यांदा रडल्या. एकनाथराव पाणी आणायला उठले.

कोलकात्याला अर्ज गेला. मनीषाताईंनी अंक, नोंदवहीची प्रत, छापखान्याचं आणि एकनाथरावांचं शपथपत्र जोडलं. कंपनीचं उत्तर आलं की असा अंक कॉलेजबाहेर जातच नाही, तो लोकांसमोर आला असं म्हणता येणार नाही. मग पुन्हा शपथपत्र, ग्रंथालय माजी विद्यार्थिनींना आणि बाहेरच्यांनाही खुलं असल्याचं. महिने गेले. मधल्या काळात मालनबाईंनी पान केलं नाही. कंपनीच्या प्लास्टिकच्या बांगड्या मात्र बाजारात येऊन ठेपल्या, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'हैदराबादी लाख बांगडी'.

सुनावणी व्हिडिओवर झाली. नारायणगुड्याच्या ऑफिसात मालनबाई खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या. इंग्रजीतली चर्चा त्यांना अर्धीच कळली. पुढे काही आठवड्यांनी आदेश आला: अर्जाच्या तारखेआधी डिझाइन प्रकाशित झालं होतं, म्हणून नोंदणी रद्द.

"जिंकलो, मावशी," मनीषाताई म्हणाल्या.

"मग आता त्यांना ते करता येणार नाही ना?"

मनीषाताईंनी कागद खाली ठेवला. त्यांना हे सांगायचं होतंच. "करता येईल. तुम्हीही करू शकता, तेही करू शकतात, कुणीही करू शकतो. ते पान आता सगळ्यांचं आहे."

मालनबाईंनी तो कागद पुन्हा हातात घेतला. "मग मी एवढं कशासाठी लढले?"

"तुमच्यावरचा चोरीचा आरोप पुसायला. आणि पान करताना तुम्हाला कुणाची भीती वाटू नये म्हणून."

एक गोष्ट मात्र अजून हातात होती. हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक ओळख, म्हणजे सरकारी जीआय नोंद, मिळालेली होती. ती एकट्या माणसाला मिळत नाही. कारागिरांच्या संस्थेला मिळते, कारण त्या मालाची ख्याती गावाशी, तिथल्या हातांशी बांधलेली असते. त्या ओळखीने नक्षीचं रक्षण होत नाही, नावाचं होतं. ज्याची बांगडी त्या ठरलेल्या हद्दीत, लाखेची आणि त्या पद्धतीने घडते, त्यालाच ते नाव लावता येतं. मालनबाईंनी अधिकृत वापरकर्ती म्हणून चेन्नईच्या रजिस्ट्रीकडे अर्ज केला, संस्थेचं संमतिपत्र जोडलं, हरकतीची मुदत संपेपर्यंत वाट पाहिली. नोंद झाल्यावर मनीषाताईंनी तिच्या जोरावर कंपनीला पत्र पाठवलं: प्लास्टिकला हे नाव लावणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. कंपनीने भांडण वाढवलं नाही. पुढच्या डब्यांवरून 'लाख' आणि 'हैदराबादी' हे दोन्ही शब्द गेले. पान राहिलं.

त्यानंतर एका लग्नसराईत मालनबाई लाड बाजारातून जात होत्या. एका दुकानात नवरी मुलगी आईबरोबर बांगड्या घालून बघत होती. तिच्या मनगटावर प्लास्टिकचं पिंपळपान होतं, हलकं, चकचकीत. आई म्हणाली, "छान दिसतं गं, हेच घे." मालनबाई दारात थांबल्या. सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार? कायद्याने त्यात चुकीचं काही नव्हतं. त्या पुढे चालू लागल्या.

खोलीत दोघी बायका वाट बघत होत्या. रहीमाबींनी निखारे सारून ठेवले होते. "क्या हुआ, मालन? चेहरा उतर गया तेरा."

"काही नाही," मालनबाई म्हणाल्या, आणि पिंपळपानासाठी लाखेची हिरवी कांडी आगीवर धरली. ती मऊ व्हायला त्या दिवशी नेहमीपेक्षा फार वेळ लागला, असं त्या नंतर सांगत.