पालथं पुस्तक

पारनेरच्या कचेरीतले कारकून यज्ञेश्वरपंत यांचं अक्षर मोत्यासारखं. त्रेचाळीस साली लेक दमयंती मराठी सहावीत होती. तिची भूगोलाची टिपणं पंतांनीच लिहून दिली आणि तिने ती घडाघडा पाठ केली. पण प्रश्न जरा फिरवून विचारला की पोरगी गप्प! चिडून पंतांनी ती सुंदर टिपणं बंबात घातली.

"आता उघडं पुस्तक पालथं ठेवायचं," ते म्हणाले. "आठवेल तेवढं तुझ्या शब्दांत लिही. प्रश्नही तूच काढ."

उत्तर सांगायला जीभ शिवशिवली की ते तोंडात सुपारी टाकत.

एका संध्याकाळी दमयंती जलविभाजकावर अडली. पंतांनी सुपारी टाकली. ती पालथ्या पुस्तकाकडे बघत राहिली. कंदिलाच्या उजेडात ते हळूहळू डोंगर झालं. तिची दोन बोटं कण्यावरून दोन्हीकडे घरंगळत गेली.

"अण्णा, हे आपलं पठार! इकडचं पाणी मुळेतून गोदावरीला, तिकडचं घोड नदीतून भीमेला."

तिने तसंच लिहून काढलं. मग चिठ्ठीवर प्रश्न लिहून तो वाचला, "आपल्या अंगणातलं पाणी कुठल्या नदीला जातं? सांगा."

सुपारी केव्हाच संपली होती. पंत उठून दारातून अंगणाकडे बघू लागले. त्या अंगणात त्यांचा जन्म गेला होता, पण त्याचा उतार कुठे आहे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दमयंतीने भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला.

"अंगणात ओता," ती म्हणाली. "मी सांगणार नाही."