गुडघ्याच्या पेपरचा निष्कर्ष

वाघोलीच्या एका फिजिओथेरपी कॉलेजात दीपमाला वानखेडे पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. एखाद्या शोधनिबंधाची चिकित्सा करणारा निबंध लिहायचा होता. तिच्या मार्गदर्शक सहस्रबुद्धे मॅडम म्हणाल्या, "माझाच गुडघ्यांच्या व्यायामाचा पेपर घे. सोपा जाईल."

तिथेच ती अडकली.

सारांशाच्या शेवटी लिहिलं होतं, "हा व्यायामवर्ग गुडघेदुखीवर परिणामकारक आहे." दीपमालाने आतला तक्ता काढला. मुख्य मापन होतं तीन महिन्यांनंतरची वेदना, शून्य ते दहाच्या पट्टीवर. वर्गात येणाऱ्यांची आणि घरी छापील कागद बघून व्यायाम करणाऱ्यांची तुलना केली, तर फरक ०.३ गुणांचा. विश्वासमर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या पल्ल्यात असण्याचा संभव तो, उणे ०.४ ते १.०; पी ०.४०, म्हणजे इतका फरक योगायोगानेही सहज येऊ शकतो. उपयोगी म्हणायला दीड गुण हवा, असं संशोधन सुरू करतानाच मॅडमनी ठरवलं होतं. मर्यादेचं वरचं टोकही तिथवर पोचत नव्हतं.

सारांशात मात्र हा फरक कुठेच नव्हता. त्याऐवजी 'वर्गातल्या रुग्णांची वेदना सुरुवातीपेक्षा लक्षणीय कमी झाली' एवढंच. घरी करणाऱ्यांचीही जवळजवळ तितकीच कमी झाली होती, ते गाळलेलं. शिवाय आठ दुय्यम मापनांपैकी एकट्या सकाळच्या आखडलेपणाचा पी ०.०५ या नेहमीच्या मर्यादेच्या आत, ०.०३ आला होता, तो ठळक पुढे केलेला. आठ मापनं तपासली की एखादं योगायोगानेही असं येऊ शकतं.

तिने ते सगळं लिहिलं आणि कच्चा मसुदा मॅडमना दाखवला.

मॅडमनी चष्मा काढला. "तू संख्याशास्त्रज्ञ कधी झालीस?"

"मॅडम, मुख्य मापनात फरक दिसलेला नाही, एवढंच..."

"आतलं राहू दे. निष्कर्ष तेवढा मवाळ कर. 'काही मर्यादा असूनही निकाल आशादायक,' असं लिही. परीक्षक तेवढंच वाचतात."

मसुद्यावर मॅडमची सही हवी होती. पुढचं वर्षभर प्रबंधही त्यांच्याच हाताखाली. ग्रंथालयात बसून दीपमालाने मुकाट्याने ओळ बदलली. मग निबंध सुरुवातीपासून वाचला. आत एक, शेवटी दुसरंच. मॅडमच्या पेपरात तिने जे पकडलं, नेमकं तेच तिने स्वतः केलं होतं.

तिने ओळ खोडली. नव्याने लिहिलं, "मुख्य मापनात वर्गाचा फायदा सिद्ध झालेला नाही, असलाच तरी उपयोगी ठरेल इतका दिसत नाही. लेखकांचा निष्कर्ष आकड्यांना धरून नाही."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शेवटचं पान तेवढं वाचलं. मग सही केली.

"चुकीचं काही नाही, म्हणून सही. प्रबंधाच्या वेळी मात्र माझ्याकडून फार अपेक्षा ठेवू नका."

त्या आजवर तिला 'तू' म्हणत होत्या. दीपमालाने कागद उचलले. मार्गदर्शक बदलायची सोय कॉलेजात नव्हती. बाहेर गुडघ्यांच्या वर्गाचे रुग्ण जमले होते, आणि आजचा वर्ग तिलाच घ्यायचा होता.